साठीनंतरची खाज: आधी गीझर बघा

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे आहेत. थंडी सुरू झाली की पाय आणि पाठ खूप खाजते, पुरळ काही नाही. कोणता साबण चांगला? आणि लोशन लावावं की क्रीम?

साबणाचं नाव नंतर. अंघोळीचं पाणी किती कढत घेतात ते आधी बघा. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरात यावरून अख्खा हिवाळा वाजलं होतं, म्हणून जरा लांबण लावते.

माझे सासरे, अण्णा, तेव्हा ७४ चे. डिसेंबरपासून रात्री नडग्या खाजवत बसायचे. पायजमा झटकला की पांढरा कोंडा पडायचा. ऐरोलीहून वन्सं आल्या, पाय बघितले आणि निकाल दिला, "यांची अंघोळच नीट होत नाही." लगेच कढत पाणी, त्यात झाकणभर जंतुनाशक, कडुनिंबाचा साबण आणि वर प्लास्टिकची घासणी. पाठ लाल होईस्तोवर घासणं चाललेलं. अण्णाही म्हणायचे, "आता बरं वाटतंय." वाटणारच! कढत पाण्याने खाज तेवढ्यापुरती दबते. पण अंग पुसून तासभर होतो न होतो तोच पुन्हा नखं सुरू.

कारण साधं आहे. वयाबरोबर कातडीतली चरबी आणि तेल कमी होतं आणि आतलं पाणी उडून जायला लागतं. नडग्यांवर मुळातच तेलग्रंथी कमी, म्हणून सुरुवात तिथून होते. उरलंसुरलं तेल गरम पाणी आणि साबण धुऊन नेतात. मी हे सांगत होते, पण सुनेचं ऐकतो कोण?

जानेवारीत अण्णांच्या नडगीवर जुन्या चिनी मातीच्या बशीवर असतात तशा बारीक चिरा दिसायला लागल्या, मधूनमधून लाल. आता वन्संनी औषधाच्या दुकानातून एक 'तीन औषधं एकत्र' असलेली ट्यूब आणली. मी ती लावू दिली नाही. तसल्या मलमात बहुतेक वेळा जोरदार स्टिरॉइड असतं आणि म्हाताऱ्यांची कातडी त्याने आणखी पातळ होते. त्वचेच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, कोरडेपणातून झालेला एक्झिमा. लाल भागापुरतं सौम्य स्टिरॉइड दिलं, तेही थोडेच दिवस. बाकी सगळा इलाज बाथरूममधलाच.

पाणी कोमट, अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपायची, घासणी आणि जंतुनाशक बंद. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. हातापायांना आणि पाठीला नुसतं पाणी पुरतं, त्यांना मळ असतो कुठे? लोक वेष्टनावर 'ग्रेड १, टीएफएम ७६ टक्के', म्हणजे स्निग्धांश जास्त, असं बघून साबण घेतात. घ्या, पण तोही साबणच, म्हणजे अल्कधर्मी. कातडी किंचित आम्लधर्मी असते. त्यापेक्षा सिंडेट बार, म्हणजे साबणासारखी दिसणारी पण साबण नसलेली वडी, किंवा बिनवासाचं, पीएच ५.५ च्या आसपासचं क्लीन्झर बरं. कडुनिंबाचा असला म्हणून साबण सौम्य होत नाही.

अंग टिपायचं, रगडायचं नाही, आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावायचं. लोशन लावायला छान वाटतं, पण त्यात बहुतांश पाणीच असतं. थंडीत डबीतलं घट्ट क्रीम घ्या, आणि नडग्यांवर रात्री पेट्रोलियम जेली. ५ ते १० टक्के युरियाचं क्रीम कोंड्यावर चांगलं काम करतं, मात्र चिरा पडलेल्या असतील तर झोंबतं, त्या भरल्यावरच लावा. हात आखडता घेऊ नका. एका पायाला निदान ३ ग्रॅम लागतं. म्हणजे दोन्ही पायांना दिवसातून दोनदा लावलं तर २० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. मोठी डबीच आणा. मार्चनंतर ठाण्यात घाम सुरू झाला की जेली बंद करून पातळ क्रीमवर या, नाहीतर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

दोन आठवडे हे नीट केलं की फरक दिसायला हवा. नाही दिसला तर कोरडेपणावर ढकलू नका. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड किंवा चालू औषधं, कशानेही खाज येते. वजन उतरत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. बोटांच्या बेचक्यात पुळ्या आणि घरात दुसऱ्यालाही रात्री खाज असेल तर ती खरूज, तिचं औषध वेगळं. झोप आणणारी खाजेची गोळी मनाने देऊ नका. रात्री लघवीला उठताना म्हातारी माणसं पडतात. क्रीम चोळलेल्या पायांनी ओल्या फरशीवर जाऊ देऊ नका. जेली मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, निरांजन आणि गॅसपासून लांब ठेवा.

बाकी अण्णांच्या नडग्या फेब्रुवारीत भरल्या. वन्सं अजून सांगतात की कडुनिंबानेच गुण आला.