डोळे लागण्याचं प्रमाण दोन खुंटांवर खरंच वेगळं आहे का, आणि सूत्रात दोन्ही गट एकत्र का करतात?

प्रश्न: आमची वरुड भागात संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. यंदा जंबेरी खुंटावर २०० डोळे बांधले, १६४ लागले. रंगपूर लाईमवर १५० बांधले, १०८ लागले. ८२ टक्के आणि ७२ टक्के, हा फरक खरा की योगायोग? दोन प्रमाणांची झेड चाचणी करा असं वाचलं, पण तिच्यात दोन्ही गट एकत्र करून एकच प्रमाण काढतात. वेगळे आहेत का हेच तपासायचं असताना आधीच एकत्र कसे करायचे?

उत्तर:

तुमच्या आकड्यांवर झेड २.२२ येतो आणि पी-व्हॅल्यू ०.०२६. म्हणजे खुंटाने काहीच फरक पडत नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात दोन-तीन वेळा आपोआप दिसला असता. तेव्हा नुसत्या योगायोगावर हा फरक ढकलणं अवघड आहे. मात्र तो खुंटामुळेच पडला का, हा वेगळा मुद्दा आहे आणि रोपवाटिकेत खरी चूक तिथेच होते. त्याकडे शेवटी येतो. आधी तुमची एकत्र करण्याची शंका, कारण मी कृषी विद्यालयात हा विषय शिकवतो आणि दरवर्षी मुलं नेमकी इथेच अडतात.

वादात आपण म्हणतो ना, "घटकाभर तुझंच खरं धरू, मग काय होतं बघू." चाचणी तेच करते. ती घटकाभर असं धरते की जंबेरी काय आणि रंगपूर काय, डोळा लागण्याची शक्यता दोन्हीकडे एकच आहे. याला शून्य परिकल्पना म्हणतात. हे एकदा धरलं की तुमच्याकडे दोन गट उरतच नाहीत. एकाच जातीच्या ३५० कलमांचा एक ढीग उरतो, त्यात २७२ हिरव्या आणि ७८ वाळलेल्या.

आता प्रत्येक कलमेवर खुंटाच्या नावाचा बिल्ला बांधला आहे असं डोळ्यांसमोर आणा. सगळे बिल्ले सोडा, एका घमेल्यात कालवा आणि न बघता पुन्हा बांधा: २०० कलमांना "जंबेरी", १५० ना "रंगपूर". मग दोन्हींची टक्केवारी काढा. बिल्ल्यांना आता काहीच अर्थ नाही, तरी टक्केवारी तंतोतंत सारखी येणार नाही. कधी जंबेरी तीन टक्क्यांनी पुढे, कधी रंगपूर दोनने पुढे. हा खेळ शेकडो वेळा केलात तर आपोआप पडणारा फरक किती हेलकावे खातो ते कळेल. चाचणी एवढंच विचारते की त्या हेलकाव्यांत दहा टक्क्यांचा फरक कितीदा दिसतो.

हा खेळ खेळायचा तर ढिगात एकूण किती हिरव्या आहेत हे माहीत हवं. ३५० पैकी २७२, म्हणजे ०.७७७. हाच तो एकत्रित अंदाज. दोन्ही गट सारखे असल्याचा निर्णय तुम्ही दिलेला नसतो. "सारखे असते तर" या जगातली मोजपट्टी फक्त तयार केलेली असते, आणि ती त्याच जगातल्या आकड्याने करावी लागते. सूत्रात वरच्या बाजूला बघा, तिथे ०.८२ आणि ०.७२ वेगळेच राहतात. एकत्र केलेला आकडा फक्त खाली, मोजपट्टीत जातो.

```
p1 = 164/200 = 0.82
p2 = 108/150 = 0.72
p  = (164+108)/(200+150) = 0.777

SE = sqrt( p(1-p) (1/200 + 1/150) )
   = sqrt( 0.1732 × 0.01167 ) = 0.045

z  = (0.82 - 0.72) / 0.045 = 2.22
```

खालचा भाग असा वाचा. एका डोळ्याचं नशीब किती अनिश्चित आहे ते p(1-p) सांगतं. सगळेच डोळे लागत असतील किंवा एकही लागत नसेल तर ते शून्य होतं, कारण मग हेलकाव्याला जागाच नाही. निम्मे लागत असतील तेव्हा ते सर्वात जास्त असतं. ही अनिश्चितता २०० डोळ्यांत वाटली गेली की जंबेरीच्या प्रमाणातली डळमळ मिळते, १५० मध्ये वाटली की रंगपूरची. दोन डळमळत्या आकड्यांची वजाबाकी केली तरी त्यांची डळमळ वजा होत नाही, तिची बेरीज होते. म्हणून कंसात अधिक चिन्ह आहे. शेवटी वर्गमूळ घेतलं की ४.५ टक्के येतात. नुसत्या योगायोगाने शंभरातल्या ९५ वेळा फरक याच्या दुपटीच्या आत, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आत राहतो. तुमचा फरक दहाचा आहे. म्हणजे रेषेच्या पलीकडे, पण फार दूर नाही.

इथे एक चूक हमखास होते. ८२ आणि ७२ ची सरासरी ७७ काढून तीच एकत्रित अंदाज म्हणून वापरली जाते. तुमच्या बाबतीत ७७ आणि ७७.७ मध्ये फारसं अंतर नाही, म्हणून चूक लपते. पण एका बाजूला १००० डोळे आणि दुसऱ्या बाजूला २० असते, तर त्या वीस डोळ्यांना हजाराच्या बरोबरीचं वजन मिळालं असतं. टक्केवारीची सरासरी काढायची नाही, लागलेल्या डोळ्यांची बेरीज भागिले बांधलेल्यांची बेरीज करायची.

"फरक आहे" असं ठरल्यावर तो किती हे सांगताना मात्र गट एकत्र करू नका. तेव्हा "सारखे आहेत" हे गृहीत आपण सोडलेलं असतं. प्रत्येक गटाचं p(1-p) वेगळं घ्या, त्याला त्याच्या संख्येने भागा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या. ०.०४५६ येतं. त्याची १.९६ पट दोन्ही बाजूंना धरली की फरक साधारण १ ते १९ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो असं दिसतं. पी-व्हॅल्यूपेक्षा मला हेच जास्त कामाचं वाटतं. १९ टक्क्यांचा फरक असेल तर खुंट बदलायचा विचार करावा, एका टक्क्यासाठी कोणी बियाणं बदलणार नाही. तुमचे आकडे या दोन्हींना जागा ठेवतात.

आर वापरत असाल तर हे एका ओळीत होतं:

```r
prop.test(c(164, 108), c(200, 150), correct = FALSE)
```

यात झेडऐवजी त्याचा वर्ग, ४.९५, दिसेल. पी-व्हॅल्यू तीच. `correct = FALSE` लिहिलं नाही तर आर स्वतःहून एक दुरुस्ती लावतं आणि पी-व्हॅल्यू ०.०३६ येते. हाताने काढलेलं जुळलं नाही म्हणून गोंधळू नका.

संख्येबद्दल थोडं. हेच ८२ आणि ७२ टक्के फक्त ५०-५० डोळ्यांवर आले असते, ४१ आणि ३६, तर झेड १.१९ वरच थांबला असता आणि काहीच म्हणता आलं नसतं. शिवाय दोन्ही गटांत लागलेले आणि मेलेले असे निदान दहा-दहा तरी हवेत. तुमचे मेलेले ३६ आणि ४२ आहेत, तेव्हा काळजी नाही.

आता खुंटाचा मुद्दा. प्रत्येक डोळ्याचं नशीब दुसऱ्यापासून सुटं आहे असं ही चाचणी मानून चालते. वाफ्यात तसं असतंच असं नाही. समजा तुमचे रंगपूरचे १५० खुंट ५०-५० च्या तीन वाफ्यांत होते आणि लागलेले डोळे ४२, ४२ आणि २४ निघाले. ७२ टक्क्यांनी प्रत्येक वाफ्यात ३६ च्या आसपास यायला हवेत, आणि वर्गमूळ काढून बघितलं तर सहा-साडेसहाचा चढउतार चालण्यासारखा आहे. ४२ त्यात बसतात. २४ अजिबात बसत नाही. त्या वाफ्यात पाणी साचलं असेल, मूळकूज आली असेल, काहीतरी सगळ्यांवर मिळून आलं आहे. उरलेल्या दोन वाफ्यांत १०० पैकी ८४ लागले, म्हणजे जंबेरीपेक्षाही जास्त! अशा वेळी २.२२ हा झेड खुंटाबद्दल काहीच सांगत नाही. तो वाफा सोयीने गाळूनही टाकू नका. त्याचं कारण शोधा, आणि चाचणीत ५० डोळ्यांऐवजी तो वाफा हे एक एकक धरा. तीन वाफ्यांवर मग फारसा निष्कर्ष निघत नाही, आणि तेच खरं असतं.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगली आहे. घरच्या रोपवाटिकेत आम्ही सकाळी कापलेली डोळकाडी आणि आदल्या दिवशीची, ओल्या गोणपाटात ठेवलेली काडी अशी तुलना केली. झेड तीनच्या वर गेला. मी वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवलं की काडी एक दिवसही ठेवायची नाही. नंतर डोळे बांधणाऱ्या काकांशी बोलताना ते सहज म्हणाले, "सर, ताजी काडी मी घेतली, शिळी पोराले देल्ली." पोराचा तो पहिलाच हंगाम. टीच्या आकाराचा छेद तो इतका खोल घ्यायचा की साल उचलताना खालचं लाकूड खरवडलं जायचं. मी मोजला तो फरक काडीचा होता की हाताचा, हे आजही सांगता येणार नाही. आकडेमोडीत कुठेच चूक नव्हती, आणि म्हणूनच ती गोष्ट कळली नाही.

म्हणून तुम्ही आधी वही उघडा. जंबेरी आणि रंगपूर एकाच माणसाने बांधले का? डोळकाडी एकाच झाडावरची होती का? पट्टी सोडून डोळा हिरवा की काळा हे दोन्हींचं बांधल्यापासून तितक्याच दिवसांनी मोजलं का? एकाचं तीन आठवड्यांनी आणि दुसऱ्याचं कोंब फुटल्यावर मोजलं असेल तर "लागला" या शब्दाचा अर्थच दोन्हीकडे वेगळा झाला.

पुढच्या हंगामात प्रत्येक वाफ्यात निम्मे जंबेरी, निम्मे रंगपूर ठेवा, आणि प्रत्येक बांधणाऱ्याला दोन्ही खुंट सारख्या संख्येने द्या. कोणता खुंट कुठे हे चिठ्ठ्या काढून ठरवा. यंदाचे आकडे वाफ्याप्रमाणे लिहिलेले असतील तर इथेच खाली टाका, मी बसून बघतो.