त्यांचा शुक्रवार आपल्या शनिवारी पहाटे संपतो

“मॅडम, माझा क्लायंट कॅलिफोर्नियात आहे. रात्री दोनला मेल आला तरी मी उठून उत्तर देतो. नाही दिलं, तर काम दुसऱ्याकडे जाईल असं वाटतं. झोपेचं खोबरं झालंय. काय करू?”

सांगलीत बसून परदेशी काम करणारी माणसं वाढली, तसं हे वाक्य माझ्याकडे थोड्याफार फरकाने येतच राहतं. म्हणून विश्रामबागेतल्या एका तरुणाची हकिगत सांगते. ओळख पटेल ते बदललं आहे. तो स्टीलच्या इमारतींची ड्रॉइंग करतो.

झोपेच्या गोष्टी मी बाजूला ठेवल्या आणि त्याला महिनाभराच्या रात्रीच्या मेल काढायला लावल्या. भीती शब्दांत मांडली की ती तपासता येते, हा माझा जुना विश्वास. मेल निघाल्या सव्वीस. त्यांतल्या तीनच सकाळपर्यंत थांबू शकत नव्हत्या.

दुसऱ्या भेटीत एका मेलवर तो अडला. “शुक्रवारी दिवसअखेर द्या,” असं क्लायंटने लिहिलं होतं.

“मग तुम्ही कधी दिलंत?”

“शुक्रवारी संध्याकाळी सहाला. त्यासाठी गुरुवारी रात्रभर जागलो.”

“त्यांचा दिवस कधी संपतो?”

त्याने बोटं मोजली. उन्हाळी वेळ चालू असताना कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे. त्यांच्या शुक्रवारी संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्या शनिवारी पहाटेचे साडेपाच. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे अख्खी शुक्रवारची रात्र माझ्या हातात होती.”

हा क्षण मला महत्त्वाचा वाटतो. त्याला वाटत होतं क्लायंट निर्दय आहे; खरं तर दोघांचा ‘शुक्रवार’ वेगळा होता. शिवाय रात्री दोनला उत्तर देऊन तो क्लायंटला रोज शिकवत होता की हा माणूस या वेळी जागा असतो. क्लायंटच्या दृष्टीने तेव्हा दुपारचा दीड. त्याने विचारणं साहजिकच.

त्यावर आम्ही शब्द बदलले. ‘उद्या’, ‘आज रात्री’, ‘दिवसअखेर’ बंद. वार, तारीख आणि दोन्हीकडची घड्याळं, तीही शहराच्या किंवा देशाच्या नावाने. `IST` लिहिलं तर तेच संक्षिप्त रूप आयर्लंड आणि इस्रायलचंही आहे, आणि `PST` अमेरिकेत लोक उन्हाळ्यातही चुकून लिहितात. त्यामुळे नोव्हेंबरातली, म्हणजे उन्हाळी वेळ संपल्यानंतरची, ओळ अशी:

```
Fri 14 Nov, 5:00 pm San Francisco
= Sat 15 Nov, 6:30 am India
```

पण रात्री उत्तर न देण्याचा खर्च असतो, तो लपवण्यात अर्थ नाही. एक शंका विचारली आणि उत्तर आलं, एवढ्यात एक दिवस जातो. म्हणून शंका नुसती विचारायची नाही, तिच्यासोबत आपला निर्णयही द्यायचा. पूर्वी तो लिहायचा, “भोकाचा व्यास कळवावा.” आता लिहितो, “व्यास दिलेला नाही. पाऊण इंची बोल्टसाठी 13/16 इंच धरला आहे. वेगळा हवा असल्यास तुमच्या मंगळवारी संध्याकाळी 5 पर्यंत (भारतात बुधवारी पहाटे 5:30) कळवा. अन्यथा हाच धरून पुढे जातो.” बुधवारी सकाळी तो मेल उघडतो आणि उत्तर आलं असो वा नसो, कामाला लागतो. जिथे चूक महाग पडेल तिथे मात्र असं गृहीत धरायचं नाही, थेट फोन करायचा.

तास ठरवले ते असे: रात्री साडेआठ ते साडेदहा तो हजर, म्हणजे त्यांची सकाळ आठ ते दहा. त्याआधी तयार झालेल्या मेल `Schedule send` लावून साडेआठला पोचतील असं करायचं. साडेदहानंतर मेल बंद. खरी अडचण असेल तर क्लायंटने फोन करावा, तेवढी एकच रिंग रात्री वाजेल, हे त्याने स्वतः लिहून कळवलं.

प्रयोगाआधी मी त्याच्याकडून लिहून घेतलं होतं: “तिसऱ्या दिवशी तक्रार येईल.” तिसऱ्या दिवशी काहीच आलं नाही. सहाव्या रात्री मात्र एक दुरुस्ती खरंच तातडीची होती आणि क्लायंटने फोनऐवजी मेलच केली. सकाळी थोडी कुरकुर झाली. त्याने न घाबरता फोनचा नियम पुन्हा एका ओळीत लिहिला. पुढच्या वेळी फोन आला. काम तिथेच आहे.

मला थोडा अभिमान वाटला तो नोव्हेंबरात. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, आपली जात नाहीत. फरक साडेतेरा तासांचा होतो आणि आपल्या साडेआठला त्यांच्याकडे सकाळचे सातच वाजलेले असतात. मी आठवण करायच्या आधीच त्याने हजेरी साडेनऊ ते साडेअकरा केली होती. बायकोने कुरकुर केली, एक तास उशीर म्हणून. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो तास परत मिळतो, हे त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून तिला दाखवलं.