हॅशटॅगने लांबची गर्दी नको, जवळचा ग्राहक हवा असेल तर

प्रश्न: माझा सायकल दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे. इन्स्टाग्रामवर प्रत्येक पोस्टला भरपूर हॅशटॅग टाकतो, लाइकही येतात, पण सगळे कुठून कुठून लांबून. आसपासचे लोक काही येत नाहीत. हॅशटॅग कोणते निवडावेत आणि पोस्टमध्ये नेमके कुठे टाकावेत?

उत्तर:

लांबून लाइक येतात याचा अर्थ तुमचे हॅशटॅग काम करत आहेत, फक्त ते चुकीच्या लोकांसमोर करत आहेत. #cycling किंवा #bikelife उघडून पाहणाऱ्या माणसाला सायकल मनापासून आवडत असेल, पण त्याची सायकल तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. #supportlocal आणि #smallbusiness हे त्याहून फसवे, कारण नावात स्थानिकपणा असला तरी त्यांत कोणत्याही ठिकाणाचा उल्लेख नाही. ते बहुतांशी विक्रेतेच लिहितात आणि विक्रेतेच उघडतात. #bikemechanic सारख्या हॅशटॅगवर तुमच्यासारखे कारागीर भेटतात. त्यांची दाद सुखावणारी असते, तिच्यामुळे एखादी युक्तीही शिकायला मिळते, पण ब्रेक बिघडलेला माणूस कारागिरांच्या हॅशटॅगवर फिरकत नाही. त्यामुळे हॅशटॅग किती मोठा आहे, यापेक्षा तो कोण लिहिते आणि कोण उघडते, हे आधी पाहावे लागते.

निवडीकडे वळण्यापूर्वी एक बदल लक्षात घ्या. पूर्वी एखादा हॅशटॅग फॉलो करता येत असे आणि त्यावरच्या पोस्ट आपोआप समोर येत. ती सोय इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. आता हॅशटॅगचे मुख्यतः दोनच उपयोग उरले आहेत. कोणी शोध घेतला तर तुमची पोस्ट त्या निकालांत येऊ शकते, आणि ही पोस्ट कशाविषयी आहे याचा अंदाज इन्स्टाग्रामला बांधता येतो. हॅशटॅगमुळे पोहोच फारशी वाढत नाही, असे इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही जाहीरपणे सांगितले आहे. म्हणून जवळचा माणूस शोधताना जे शब्द टाइप करील, तेच शब्द हॅशटॅगमध्ये असणे महत्त्वाचे. त्याच्या शोधात जवळजवळ नेहमी दोन गोष्टी असतात: काम आणि ठिकाण.

ठिकाणाचा हॅशटॅग निवडताना मी एक साधी तपासणी करतो. हॅशटॅग शोधून उघडावा आणि वरच्या दहा-बारा पोस्ट शांतपणे पाहाव्यात. त्या त्या भागात राहणाऱ्यांनी टाकल्या आहेत की फिरायला आलेल्यांनी? देखण्या किंवा प्रसिद्ध ठिकाणाच्या हॅशटॅगवर पर्यटकांच्या छायाचित्रांचे राज्य असते, आणि ती पाहणारेही पुढच्या सहलीची आखणी करणारे असतात. दुसरा धोका म्हणजे एकाच नावाची अनेक ठिकाणे. गावाचे नाव दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात, कधी एखाद्या आडनावातही असते, आणि मग हॅशटॅगचे पान भलत्याच माणसांनी भरलेले दिसते. शहराच्या नावाची दोन-तीन अक्षरी संक्षिप्त रूपे तर जवळजवळ नेहमीच दुसऱ्या कशाशी तरी आदळतात. अशा वेळी भागाचे आणि शहराचे नाव जोडून लिहावे, म्हणजे गोंधळ मिटतो. तिसरे, पोस्टच्या तारखा पाहा. गेल्या काही आठवड्यांत तिथल्या रहिवाशांनी काही टाकले असेल तर हॅशटॅग जिवंत आहे. शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वीची असेल तर तो नावापुरताच उरला आहे. हॅशटॅगवर अमुक हजार पोस्ट असाव्यात, असे आकडे अनेक जण सांगतात. स्थानिक व्यवसायासाठी मला त्यात अर्थ वाटत नाही, कारण तीनशे पोस्टचा पण रहिवाशांचा हॅशटॅग तीन लाख पोस्टच्या पर्यटकी हॅशटॅगपेक्षा अधिक उपयोगी पडतो. ही तपासणी शक्यतो दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर करावी, कारण शोधाचे निकाल पाहणाऱ्याच्या सवयींनुसार बदलतात आणि तुमच्या फोनवर तुमचीच पोस्ट वर दिसू शकते.

चांगली नावे सापडतात ती आसपासच्यांच्या पोस्टमध्ये. जवळची शाळा, वाचनालय, मैदान, व्यायामशाळा यांची खाती पाहा आणि तिथले लोक भागाला काय म्हणतात ते टिपून ठेवा. कागदोपत्री नाव एक आणि तोंडी नाव दुसरे, असे पुष्कळदा असते. ग्राहक तोंडी नाव टाइप करतो.

आता तुमच्याच व्यवसायाची एक पोस्ट घेऊ. समजा झिजलेले ब्रेक पॅड बदलल्याचे छायाचित्र टाकायचे आहे. हॅशटॅग पाचाच्या आत ठेवा. इन्स्टाग्रामच्या क्रिएटर्स खात्यानेही २०२१ मध्ये तीन ते पाच पुरेसे असल्याचे सांगितले होते. खालच्या मजकुरात ‘भागनाव’ आणि ‘शहरनाव’ यांच्या जागी तुमची नावे घालावीत.

```
भागनाव परिसरात सायकल दुरुस्ती: ब्रेक दाबल्यावर
करकर आवाज येत असेल तर पॅड तपासून घ्या.
दुकान चौकातील टपाल कार्यालयासमोर, सकाळी १० ते रात्री ८.

#भागनावसायकलदुरुस्ती #भागनाव
#शहरनावसायकल #सायकलब्रेक
```

यातला पहिला हॅशटॅग कदाचित तुमच्याआधी कोणी वापरलाच नसेल. तरी तो ठेवा, कारण काम आणि ठिकाण दोन्ही त्यात आहेत, आणि काही महिन्यांत त्याच्या पानावर तुमच्या कामांचा संग्रह तयार होतो. दुसरा रहिवाशांचा, तो वरच्या तपासणीत टिकला तरच घ्यावा. तिसरा शहरातल्या सायकलस्वारांचा. सायकलसारख्या वस्तूसाठी माणूस थोडे अंतर कापून येतो म्हणून तो इथे चालतो, पण रोजच्या गरजेच्या वस्तूंचा व्यवसाय असता तर शहराचे नाव मी गाळलेच असते. चौथा पोस्टच्या विषयाचा आहे आणि तो दर पोस्टला बदलायला हवा. साखळीच्या पोस्टला ब्रेकचा हॅशटॅग लावला तर इन्स्टाग्रामचाही गोंधळ होतो आणि वाचणाऱ्याचाही. पाचवी जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. त्या आठवड्यात शहरात सायकल फेरी असेल आणि तुमचा तिच्याशी खरोखर संबंध असेल, तर तिचा हॅशटॅग तिथे जातो.

लिपीचा निर्णय ग्राहक कसा टाइप करतो यावर घ्यावा. पुष्कळ लोक मराठी बोलतात, पण शोध रोमन अक्षरांत घेतात, म्हणून भागाचे नाव एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत देण्यासाठी एक जागा खर्च करायला हरकत नाही. रोमन हॅशटॅगमध्ये लहान-मोठ्या अक्षरांनी शोधात फरक पडत नाही. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवले तर वाचायला मात्र सोपे जाते. मोकळी जागा किंवा जोडरेघ आली की हॅशटॅग तिथेच तुटतो. देवनागरीत आणखी एक छुपी अडचण आहे: ‘दुसऱ्या’ किंवा ‘ताऱ्या’ यांतला अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डांवर वेगवेगळ्या संकेतांनी लिहिला जातो, त्यामुळे डोळ्यांना सारखे दिसणारे दोन हॅशटॅग यंत्राला वेगळे वाटू शकतात. पोस्ट टाकल्यावर प्रत्येक हॅशटॅग शेवटच्या अक्षरापर्यंत निळा झाला आहे ना आणि दाबल्यावर अपेक्षित पानच उघडते ना, हे पाहून घ्या.

जागेबद्दल विचाराल तर हॅशटॅग मथळ्यातच, म्हणजे छायाचित्राखालच्या मजकुरात टाका. ते पहिल्या कमेंटमध्ये लपवण्याची पद्धत बरीच रूढ आहे, पण शोधात दिसण्यासाठी ते मथळ्यात असावेत, असे इन्स्टाग्रामनेच सांगितले आहे. ते मजकुराच्या शेवटी असावेत, वाक्याच्या मध्ये पेरलेले नसावेत, कारण वाक्यातला हॅशटॅग वाचकाने दाबला की तो तुमच्या पोस्टमधून निघून इतरांच्या पोस्टवर पोहोचतो. पहिली ओळ मात्र हॅशटॅगविना, साध्या शब्दांत, काम आणि ठिकाण सांगणारी हवी. मजकूर दुमडलेला असताना तेवढीच दिसते, आणि शोधही आता मथळ्यातले साधे शब्द वाचतो.

याखेरीज दोन जागा अशा आहेत, ज्यांना मी हॅशटॅगपेक्षाही अधिक वजन देतो. एक म्हणजे पोस्ट टाकताना निवडायचे लोकेशन. ते हॅशटॅगपासून वेगळे असते आणि त्यामुळे पोस्ट त्या ठिकाणाच्या पानावर जाते. तिथे आख्खे शहर न निवडता तुमचा भाग किंवा ओळखीची खूण निवडावी. दुसरी म्हणजे प्रोफाइलमधला नावाचा रकाना. त्यात नुसते दुकानाचे नाव असण्यापेक्षा ‘सायकल दुरुस्ती, भागनाव’ एवढे शब्द जोडले, तर शोधात थेट तुमचे खाते सापडू शकते. चौदा दिवसांत हे नाव दोनदाच बदलता येते, म्हणून आधी नीट ठरवून मगच लिहा. खाते प्रायव्हेट असेल तर मात्र हॅशटॅग आणि लोकेशन यांचा काहीच उपयोग होत नाही. तुमच्या पोस्ट फॉलोअरखेरीज कोणालाच दिसत नाहीत.

परिणाम पाहण्यासाठी खाते व्यावसायिक प्रकारात बदलून घ्यावे, म्हणजे इन्साइट्समध्ये पाहणाऱ्यांच्या शहरांची यादी मिळते. एकूण व्ह्यूज सुरुवातीला कमी होतील. लांबची गर्दी गळाल्याने ते होणारच, त्याने विचलित होऊन जुने हॅशटॅग परत आणू नका. यादीत तुमच्या शहराचा वाटा वाढतो आहे का, एवढेच पाहा. ही यादी शहरापर्यंतच थांबते, भाग दाखवत नाही, म्हणून दुकानात आलेल्या नव्या माणसाला ‘कुठे पाहिलेत?’ असे विचारण्याला पर्याय नाही. सात-आठ पोस्टनंतरही शहराचा वाटा हलला नाही, तर हॅशटॅग बदलत बसण्याआधी लोकेशन आणि नावाचा रकाना तपासा. वाटा वाढूनही कोणी विचारणा करत नसेल, तर हॅशटॅगने आपले काम केले आहे; तेव्हा पोस्टमध्ये पत्ता, वेळ आणि कोणती दुरुस्ती करता, हे स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहावे लागेल.