दिवाळीत नागपूरचं विमान किती आधी बुक करावं?

"ठाण्यात राहतो. दिवाळीला चौघांना नागपूरला जायचंय. तिकीट किती आधी काढू?"

दोन ते अडीच महिने आधी काढा. प्रत्येक विमानात स्वस्त दराच्या जागा मोजक्याच असतात. त्या संपल्या की वरचा दर लागू होतो, आणि धनत्रयोदशीच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी त्या भराभर उडतात. चौघांसाठी एकदम शोधलंत आणि स्वस्त दरात तीनच जागा उरल्या असतील, तर बहुधा चारही तिकिटं महाग दाखवतात. म्हणून आधी एकासाठी दर बघा, मग तिघांसाठी, मग चौघांसाठी. चौघांसाठीच दर वाढलेला दिसला तर तीन आणि एक अशी दोन बुकिंग करा. फक्त लहान मूल एकटं वेगळ्या बुकिंगवर टाकू नका. BOM, म्हणजे मुंबई विमानतळाबरोबर NMI, म्हणजे नवी मुंबईही तपासा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच निघणार असाल तर एवढी घाई नसते.