तुरीवर ड्युटी लावा नाहीतर कोटा: मधला पैसा कोण नेतं?

प्रश्न: ड्युटी लावली काय आणि कोटा लावला काय, डाळ महाग होणारच ना? मग फरक काय पडतो? (एमपीएससीची तयारी करतोय)

महाग होणार हे खरं, पण फरक वरच्या पैशात आहे. समजायला सोपे आकडे धरू, हे खरे नाहीत हं. बाहेरची तूर बंदरात ६० रुपये किलोने उतरते, त्या भावाला आपल्याकडे ३६ लाख टन पिकते, ४४ लाख टन लागते, म्हणजे ८ लाख टन आयात. आता किलोला १० रुपये ड्युटी लावली. भाव ७० झाला, शेतकऱ्यांनी ३८ लाख टन पिकवली, लोकांनी ४२ लाख टन खाल्ली आणि आयात राहिली ४ लाख टन.

हिशोब असा येतो: खाणाऱ्यांचं नुकसान ४३०० कोटी, शेतकऱ्यांचा फायदा ३७०० कोटी, सरकारला ड्युटीचे ४०० कोटी. उरले २०० कोटी, ते कुणालाच मिळत नाहीत. निम्मे महागात पिकवण्यात जातात आणि निम्मे लोकांनी कमी खाल्ल्यामुळे.

आता ड्युटी काढा आणि सांगा की वर्षाला फक्त ४ लाख टनच आणायची. भाव तोच ७०, खाणाऱ्याचं नुकसान तेवढंच, शेतकऱ्याचा फायदाही तेवढाच. फक्त ते ४०० कोटी तिजोरीत जात नाहीत, ज्याच्या हातात आयातीचं लायसन्स आहे तो ६० ला आणून ७० ला विकतो आणि मधले १० खिशात टाकतो. याला कोटा रेंट म्हणतात, पेपरात हेच विचारतात.

प्रश्न: माझी लातूरला छोटी डाळमिल आहे. २०१७ नंतर कोटा होता तेव्हा आम्हाला खरंच फुकटचे पैसे मिळत होते का?

ज्याला कोटा मिळाला त्याला, हो. ऑगस्ट २०१७ मध्ये तूर 'मुक्त' मधून 'प्रतिबंधित' यादीत गेली आणि वर्षाला २ लाख टनांची मर्यादा आली, पुढे आयात-निर्यातीचं सरकारी खातं डीजीएफटी मिलवाल्यांच्या अर्जांवरून वाटप करायला लागलं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये १० टक्के ड्युटीही लागली होती, त्यामुळे सरकारच्या हातात काहीच पडलं नाही असं नाही, रेंटचा एक तुकडा तिकडे गेला आणि बाकीचा कोटावाल्याकडे.

कोटा खरंच आवळतोय का हे ओळखायचं असेल तर बंदरातला भाव अधिक ड्युटी, भाडं आणि नेहमीचं मार्जिन एवढी बेरीज करा आणि बाजारभावाशी लावून बघा. बाजारभाव बराच वर असेल तर मधली रक्कम कोट्याची. आणि कोटाच पुरा भरला नाही तर रेंट शून्य, मग लायसन्स नुसता कागद.

प्रश्न: डाळीचे भाव एखाद्या वर्षी एकदम उडतात, त्यात कोट्याचा हात असतो का? (गृहिणी, नाशिक)

असतो, आणि माझ्या मते कोट्याचा खरा दोष इथेच आहे. वरचेच आकडे घ्या आणि समजा पावसाने दगा दिला, ३८ ऐवजी ३२ लाख टनच पीक आलं. ड्युटी असेल तर व्यापारी ४ ऐवजी १० लाख टन मागवतात, बाहेरचा भाव हलला नाही तर तुम्हाला ७० लाच मिळते आणि सरकारला ४०० ऐवजी १००० कोटी. कोटा असेल तर जहाज ४ लाख टनांवर थांबणार, बाजारात एकूण ३६ लाख टन, आणि खप तेवढा खाली यायला भाव माझ्या हिशोबात १०० वर जातो!! कोटावाल्याचे किलोमागे ४०, म्हणजे १६०० कोटी.

म्हणून मग सरकारला धावपळ करून कोटा वाढवावा लागतो, २०१९-२० मध्ये २ चे ४ लाख टन केले, आणि मे २०२१ मध्ये आयात मोकळीच केली. एक मात्र लक्षात ठेवा, तुरीचा मोठा गिऱ्हाईक आपणच आहोत, त्यामुळे आपण जास्त मागितली की म्यानमार-आफ्रिकेतले विकणारेही भाव वाढवतात, ७० तंतोतंत राहीलच असं नाही.

प्रश्न: हा रेंट परदेशी विकणाऱ्याला पण मिळू शकतो का? आणि सरकार कोट्याचा लिलाव का करत नाही?

मिळू शकतो, आणि ते सगळ्यात वाईट. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने स्वतःच वर्षाला १६.८ लाख कारचीच निर्यात करायची असं कबूल केलं, म्हणजे मर्यादेची किल्ली जपानकडे. गाड्या महागल्या, वरचा पैसा जपानी कंपन्यांकडे गेला आणि अमेरिकन तिजोरीत काहीच आलं नाही. आपल्या उदाहरणात असं झालं तर देशाचं नुकसान २०० ऐवजी ६०० कोटी.

लिलाव केला तर बोली लावणारे रेंटएवढी किंमत द्यायला तयार होतात आणि पैसा सरकारकडे येतो, न्यूझीलंडने १९८० च्या दशकात आयात लायसन्सचा लिलाव केला होता. पण बोली कमी लोकांत लागली तर साटंलोटं होतं, आणि शिवाय लिलावाने पीक बुडालेल्या वर्षीचा भाव काही खाली येत नाही, टन तेवढेच राहतात ना. फुकट वाटपात मात्र अर्ज, ओळखी, दिल्लीच्या चकरा यावर खर्च होतो. अर्थतज्ज्ञ ॲन क्रूगर यांनी १९७४ च्या लेखात १९६४ च्या भारतातल्या आयात परवान्यांच्या आणि इतर सरकारी नियंत्रणांच्या मिळून रेंटचा अंदाज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के इतका काढला होता. तो मिळवायच्या शर्यतीत जाणारा वेळ आणि पैसा माझ्या वरच्या २०० कोटींत धरलेलाच नाही.