सहप्रवाशाशी बोलताना: पहिल्या लांबच्या प्रवासासाठी

आपण प्रथमच मुंबईहून हावड्याला निघाला आहात, म्हणून मोजकेच सांगतो. सुरुवात ‘आपण कुठपर्यंत?’ या प्रश्नाने करावी, कारण सोबत भुसावळपर्यंतची आहे की थेट हावड्यापर्यंतची, हे त्यावरून कळते.

नवखे चुकतात ते पुढे: समोरचे गृहस्थ भावाशी चाललेल्या दाव्याचे तपशील सांगू लागले की संकोचाने ‘मग काय झाले?’ असे विचारतात. याच प्रश्नापायी मी नागपूरपर्यंत सातबारा ऐकला आहे! त्याऐवजी ‘आपल्याला फार जड गेले असेल’ एवढे म्हणून, सल्ला न देता, ‘आता थोडा वेळ वाचतो’ असे सांगावे आणि पुस्तक खरोखरच उघडावे. झोपेचे सोंग चहावाला येताच उघडे पडते. रात्री दहा वाजता मधला बर्थ लावायचा असतोच. तोवर धीर धरावा.