सरकारी बँकेतील पीओ की म्हापशातील खासगी बँक?

प्रश्न: सरकारी बँकेत पीओ म्हणून निवड झाली आहे. म्हापशातील एका खासगी बँकेचेही वार्षिक 6 लाखांचे पत्र आले आहे. शक्यतो गोवा सोडायचा नाही. काय निवडावे?

उत्तर: मी मडगावच्या एका खासगी बँकेत चार वर्षे काम करून नंतर सरकारी बँकेत अधिकारी झालो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

आधी पत्रातील आकडा सोडवून पाहा. 6 लाखांपैकी 60 हजार कामगिरीवर अवलंबून असतील, तर उरतात महिन्याचे 45 हजार. मूळ वेतन 20 हजार धरल्यास बँकेचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा 2,400 आणि ग्रॅच्युइटीची सुमारे 960 रुपयांची तरतूद बहुधा त्याच रकमेतून वजा होते, मग तुमचा स्वतःचा 2,400 चा हप्ता जातो आणि हातात सुमारे 39 हजार येतात. सरकारी बँकेत पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याचे नुसते मूळ वेतनच 48,480 पासून सुरू होते आणि महागाई भत्ता त्यावर वेगळा मिळतो. सुरुवातीच्या पगारात खासगी बँक मागे आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

टार्गेट दोन्हीकडे आहे. विमा, नवी खाती आणि थकीत कर्जाची वसुली यांसाठी आम्हालाही वरून रोज फोन येतात. फरक परिणामात आहे. माझ्या जुन्या शाखेत बोटीवर काम करणाऱ्यांच्या आणि आखातातल्या गोंयकारांच्या ठेवी आणायच्या असत, आणि सलग दोन तिमाही आकडा हुकला की वार्षिक श्रेणी घसरून वाढ व बढती दोन्ही जात. सरकारी बँकेत त्यापायी पगार कापला जात नाही, मात्र नकोशी बदली होऊ शकते.

तुमचा खरा प्रश्न बदलीचाच आहे. पीओची नेमणूक देशात कुठेही होते आणि साधारण तीन वर्षांनी शाखा बदलते. बढतीचे वेळापत्रक आधीच माहीत असते, ठरावीक सेवेनंतर परीक्षा आणि मुलाखत असते, पण बढतीसोबत बहुतेक वेळा राज्यही बदलते. खासगी बँकेत हुद्दा लवकर वाढतो, परंतु गोव्यात वरच्या जागा मोजक्याच असल्याने दोनतीन बढत्यांनंतर मुंबई किंवा पुणे सुचवले जाते, नाही तर पगारवाढीसाठी बँकच बदलावी लागते.

पगार आणि स्थैर्य पाहता मी पीओच निवडेन, पण पहिली काही वर्षे बाहेर काढायची तयारी असेल तरच. आईवडिलांच्या प्रकृतीसारखे कारण असेल, तर सरकारी बँकांच्या लिपिक भरतीचाही विचार करा. तिच्या जागा राज्यवार भरल्या जातात, गोव्यासाठी कोकणी यावी लागते आणि बदल्या सहसा राज्यातच होतात. सुरुवातीचे मूळ वेतन 24,050 म्हणजे पीओच्या निम्मेच आहे. पुढे अंतर्गत परीक्षेने अधिकारी होता येते, मात्र त्या दिवसापासून देशभरातील बदलीची अट तुम्हालाही लागू होते.